तीन वाजताची चिठ्ठी

पहिली पाळी साडेतीनला सुटते. तीन वाजून पाच मिनिटांनी प्रेस शॉपचा सुपरवायझर टाइम ऑफिसच्या खिडकीशी येतो आणि चिठ्ठी पुढे सरकवतो. सहा माणसं, चार तास, कारण 'अर्जंट'. तोवर त्या सहा जणांनी उशीर होईल म्हणून घरी फोन केलेले असतात आणि कँटीनला जादा चहा सांगून झालेला असतो. खिडकीच्या आतला माणूस कितीही खडूस असला तरी या घडीला नाही म्हणू शकत नाही. मी त्या खिडकीच्या आत बारा वर्षं काढली, म्हणून सांगतो. अशा चिठ्ठीवरची सही म्हणजे मंजुरी नसते. झालेल्या गोष्टीची ती पोच असते.

ओव्हरटाइमचं बजेट बहुतेक कारखान्यांत असतंच. वर्षाच्या सुरुवातीला अकाउंट्सवाले मागच्या वर्षीच्या रकमेतून दहा टक्के कापतात, बाराने भागतात आणि प्रत्येक खात्याला एक आकडा धाडून देतात. महिना संपतो, पगारपत्रक बनतं, पुढच्या महिन्याच्या आठ-दहा तारखेला अहवाल येतो की प्रेस शॉपने मर्यादा ओलांडली. त्या दिवशी त्या तासांचे पैसे कामगारांच्या खात्यात गेलेले असतात. सुपरवायझर मान खाली घालून ऐकून घेतो आणि तीन वाजता पुन्हा चिठ्ठी घेऊन येतो.

यातून निघायचं तर दोन गोष्टी बदलाव्या लागतात. महिन्याची मर्यादा रुपयांत न बांधता तासांत बांधायची, आणि ती मागच्या वर्षाच्या रकमेवरून न काढता येत्या महिन्याच्या कामावरून काढायची. दुसरं, तासांची वजावट पगाराच्या दिवशी न करता मंजुरीच्या क्षणी करायची. पहिलं काम तासाभराचं आहे. दुसऱ्याला सगळ्यांच्या सवयी मोडाव्या लागतात.

समजायला सोपं जावं म्हणून भोसरीकडचा एक सुट्या भागांचा कारखाना धरू. पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवणारा. आकडे मी हिशेबाला सोयीचे घेतले आहेत. तिकडे पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तशी इथेही आहे. महिना जूनचा, त्यात पाच गुरुवार, म्हणजे कामाचे दिवस पंचवीस. प्रेस शॉपमध्ये ४० माणसं. आठ तासांनी हिशेब केला तर कागदावर ८,००० तास हाताशी आहेत. पण चाळीसच्या चाळीस माणसं रोज कधीच येत नाहीत. रजा, आजारपण, खाडे मिळून आठ टक्के गैरहजेरी धरली, तर खरे तास उरतात ७,३६०.

आता काम किती? गिऱ्हाइकाच्या जूनच्या शेड्यूलमधला प्रत्येक नग किती मिनिटांत व्हायला हवा हे ठरलेलं असतं. त्या हिशेबाने शेड्यूलला ६,९०० तास लागतात. पण डाय बदलणं, कॉइल येईपर्यंत वाट बघणं, पहिला नग क्वालिटीकडून पास होईपर्यंत थांबणं यात वेळ जातो, म्हणून खात्याची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली. मग ६,९०० तासांच्या कामाला प्रत्यक्षात ७,६६७ तास हवेत. हाताशी ७,३६०. फरक ३०७. प्रेस शॉपचा जूनचा ओव्हरटाइम झाला ३०० तास.

या आकड्याचं मोल असं, की त्यावर वाद घालता येतो. सुपरवायझर म्हणू शकतो की जूनमध्ये गैरहजेरी आठ टक्के राहत नाही, निम्मी माणसं गावाकडची आहेत, पेरणीला जाणार. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणू शकतो की कार्यक्षमता नव्वद का, ब्याण्णव धरा. दोन टक्क्यांनी सुमारे १६७ तास कमी होतात. हे भांडण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात व्हायला हवं. जुलैच्या आठ तारखेला त्याचा कुणालाच उपयोग नाही.

रुपयांचा हिशेब नंतर करायचा. समजा ओव्हरटाइमसाठी धरायचं वेतन महिना सरासरी १८,२०० रुपये आहे. सव्वीस दिवसांनी भागलं की रोज ७०० रुपये, म्हणजे तासाला साडेसत्याऐंशी. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट. १९४८च्या कारखाना कायद्याचं ५९वं कलम हे सांगत होतं, आणि वेतन संहितेतही किमान दुपटीचा नियम राहिला आहे. तर तासाला १७५ रुपये, ३०० तासांचे ५२,५०० रुपये.

इथे थोडं थांबून एक आडवा हिशेब करण्यासारखा आहे. एक माणूस महिन्यात २०० तासांचा, आठ टक्के गैरहजेरी वजा जाता १८४ तासांचा. म्हणजे ३०० तास हे पावणेदोन माणसांचंही काम नाही. दोन माणसं नव्याने भरली, पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, गणवेश, बस असा वरचा खर्च धरून त्यांचा खर्च पगाराच्या सव्वापट मोजला, तरी महिना ४५,५०० रुपये होतात. मग ओव्हरटाइम कशाला? उत्तर शेड्यूलच्या चढउतारात आहे. जूनमध्ये ३०७चा खड्डा असेल आणि ऑगस्टमध्ये शून्याचा, तर भरलेली दोन माणसं ऑगस्टमध्ये बसून राहतील. पण सलग सहा महिने ३००चा आकडा हलत नसेल, तर तो ओव्हरटाइम नाही. ती न भरलेली जागा आहे, आणि कारखाना तिची दुप्पट दराने किंमत मोजतो आहे.

प्रत्येक खात्याचा आकडा याच रीतीने काढता येत नाही. मेंटेनन्सवाल्यांना शेड्यूलशी देणंघेणं नसतं. त्यांचं मोठं काम सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद असताना. पाच गुरुवार, दर गुरुवारी चार माणसं, आठ तास: १६० तास. त्यातली मेख अशी, की गुरुवारी आलेल्या माणसाला त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ओलांडले नाहीत, तर कायद्याच्या हिशेबाने तो ओव्हरटाइम ठरत नाही. जुन्या कायद्याने बदली सुट्टी आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतली असायला हवी होती. हे १६० तास कागदावर सहज पुसता येतात. मी एकदा ही सूचना केली होती. मेंटेनन्सच्या फोरमनने मला शांतपणे विचारलं, "सोमवारी चौघं घरी असताना प्रेस बंद पडली तर तुम्ही येणार का?" त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तो बोलला नाही: त्याच्या माणसांचं महिन्याचं गणित त्या गुरुवारांवर उभं होतं. शेवटी दोघांना बदली सुट्टी आणि दोघांना ओव्हरटाइम असं ठरलं. आपल्या उदाहरणात मात्र आपण १६०च ठेवू.

टूलरूमला ९०, डिस्पॅचला १००, आणि ५० तास कुठल्याच खात्याला न देता प्लांट हेडच्या हातात राखीव. एकूण ७००. हा राखीव गल्ला फार महत्त्वाचा. तो नसला की प्रत्येक खातं आपापल्या आकड्यात चोरखिसा शिवून ठेवतं, आणि चार चोरखिसे मिळून ५०पेक्षा कितीतरी जास्त होतात.

आता मंजुरीकडे येऊ. चिठ्ठी तीच, पण ती दुपारी बारापर्यंत द्यायची. त्यावर माणसांची नावं, तास, कामाचा नग किंवा मशीन आणि कारण. कारणाच्या जागी 'अर्जंट' चालणार नाही. चारपैकी एक लिहायचं: गैरहजेरी, मशीन बंद, वाढीव मागणी, किंवा दुरुस्ती-रिजेक्शन. पाचवं कारण ठेवायचंच नाही. 'इतर' असा रकाना दिला की महिन्याभरात सगळे तास त्यात जाऊन बसतात. रात्री मशीन पडली तर बाराच्या नियमाला सूट. मग चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सकाळी, पण तिच्यावर 'नंतर' असा शिक्का. महिन्याअखेर एकूण तासांत 'नंतर'चे किती, हे मोजलं की कोणतं खातं नियोजन करतं आणि कोणतं फक्त धावतं ते कळतं.

खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी घेताच तितके तास खात्याच्या शिल्लकीतून वजा करायचे. काम झालं आहे की उद्या-परवा व्हायचं आहे, हे बघत बसायचं नाही. घरात लग्न असलं की हॉलला दिलेला शब्द आपण खर्चातच धरतो, पैसे अजून द्यायचे असले तरी. तसंच हे. काम झाल्यावर पंचिंगशी ताळा घ्यायचा. चार तास मंजूर होते, माणूस तीन तासांत मोकळा झाला, तर एक तास परत शिल्लकीत. साडेचार तास लागले, तर अर्धा तास वजा आणि सुपरवायझरला प्रश्न.

ताळा घेताना एक धोक्याची जागा आहे. मंजुरी चारची होती म्हणून साडेचारपैकी चारचेच पैसे द्यायचे, असं काही ठिकाणी सर्रास चालतं. ते बेकायदा आहे. माणसाने काम केलं आणि कारखान्याने ते करून घेतलं, तर पैसे पूर्ण द्यावे लागतात. मंजुरी होती की नव्हती, बजेट उरलं होतं की संपलं होतं, हा सुपरवायझर आणि व्यवस्थापन यांच्यातला मामला. तो कामगाराच्या पगारातून मिटवता येत नाही.

आता दहा कामाचे दिवस सरले आहेत. प्रेस शॉपचे ११८ तास झाले. ३००पैकी ११८ म्हणजे एकोणचाळीस टक्के, दिवस गेले चाळीस टक्के. पगाराकडून येणारा अहवाल इतकंच दाखवतो, आणि तो बघून कुणीही म्हणेल, अगदी रुळावर आहे.

वहीत मात्र आणखी दोन ओळी आहेत. मंजूर झालेले पण अजून न झालेले तास ४६: येत्या शनिवारची दोन पथकं आणि एका डायच्या चाचणीसाठी थांबणारी माणसं. म्हणजे शिल्लक १८२ नाही, १३६ आहे. शिवाय २० तासांची एक चिठ्ठी मॅनेजरच्या टेबलावर सहीविना पडली आहे. ती मंजूर झाली तर ११६.

दुसरी ओळ जास्त बोलकी आहे. शेड्यूलचा जोर महिन्याच्या उत्तरार्धात होता, त्यामुळे पहिल्या दहा दिवसांत ९० तासच लागतील आणि उरलेल्या पंधरांत २१०, असं मे महिन्यात ठरलं होतं. दिवसांच्या प्रमाणात तास मोजणं इथे फसवतं. डिस्पॅचमध्ये तर ते आणखी फसवतं. त्यांचे १०० तास शेवटच्या आठवड्यात बिलिंगच्या धावपळीत लागतात. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांनी २० वापरले, म्हणून पंचविसाव्या दिवसापर्यंत त्यांची पाठ थोपटणारे साहेब मी पाहिले आहेत. म्हणून प्रत्येक खात्याने महिन्याच्या आकड्यासोबत आठवड्यांची वाटणीही लिहून द्यायची. प्रेस शॉप खरं तर २८ तास पुढे धावलं आहे.

का धावलं? कारणांचा रकाना उघडायचा. ११८पैकी वाढीव मागणीचे १४, रिजेक्शनचे १२, मशीन बंद पडल्याचे ३०. आणि गैरहजेरीचे ६२. निम्म्याहून जास्त तास न आलेल्या माणसांच्या जागी गेले आहेत. मस्टर तपासलं तर गैरहजेरी आठ नव्हे, अकरा टक्के. चाळीस माणसांच्या दहा दिवसांच्या ३,२०० तासांत तीन टक्के म्हणजे ९६ तास जास्तीचे बुडाले, त्यातले ६२ ओव्हरटाइमने भरून काढले. पाऊस वेळेवर आला होता. मे महिन्यातल्या भांडणात सुपरवायझर जे म्हणाला होता तेच झालं.

इथून पुढे काय, याची दोन उत्तरं निघतात आणि दोन्ही लिहून ठेवावीत. गैरहजेरी परत आठ टक्क्यांवर आली, तर हाताशी १८२ तास आहेत आणि लागणार २१०, म्हणजे २८ कमी. ती अकरावरच राहिली, तर दहा दिवसांत ६२ या चालीने पंधरा दिवसांत आणखी ९३, म्हणजे १२१ कमी. पहिली तूट राखीव गल्ल्यातल्या ५०मधून भागते. दुसरी भागत नाही.

हा फरक अकराव्या दिवशी कळण्याला किंमत आहे. पंधरा दिवस हातात असताना साध्या पाळीतले तास शोधता येतात. डिस्पॅचची माणसं तीन आठवडे तशी मोकळी असतात. त्यातले दोन हेल्पर सहा दिवस प्रेसवर पॅलेट उचलायला आणि नग मोजायला दिले, की ९६ तास साध्या दराने मिळाले, आणि प्रेसवरचा हात मशीनला मोकळा झाला. राहिले २८, ते राखीवमधून. सहीविना पडलेल्या २० तासांच्या चिठ्ठीवर कारण 'वाढीव मागणी' होतं. मॅनेजरने गिऱ्हाइकाला फोन केला, माल दोन दिवस उशिरा चालणार होता. चिठ्ठी परत गेली. सबंध महिन्यातला हा एकच फोन असा होता, की तो केला म्हणून तास वाचले. पाळी सुटायच्या आधी पाच मिनिटं आलेल्या चिठ्ठीवर असा फोन कुणी करत नाही.

खात्याचा हिशेब जमला तरी माणसाचा राहतोच. ३०० तासांना चाळीस माणसांनी भागलं तर प्रत्येकी साडेसात, किती निरुपद्रवी! पण मोठ्या प्रेसवर डाय लावू शकणारी माणसं सहाच आहेत, आणि १५० तास त्यांच्याच वाट्याला येतात. माणशी पंचवीस. तीन महिने असंच चाललं तर पंचाहत्तर. कायद्यात एका माणसाच्या ओव्हरटाइमला तिमाहीची मर्यादा असते. १९४८च्या कायद्यात ती प्रसंगानुसार ५० किंवा ७५ तास होती. महाराष्ट्रात ती पुढे ११५ झाली, आणि सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामगाराच्या लेखी संमतीच्या अटीवर ती १४४पर्यंत न्यायला मंजुरी दिली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. आपल्याला आज कोणती मर्यादा लागू आहे, हे प्रत्येक कारखान्याने आपल्या सल्लागाराकडून लेखी घ्यावं. आपल्या उदाहरणातल्या कारखान्याने स्वतःपुरती ७५च ठेवली आहे. सहा बाय सहाच्या डायखाली हात घालणारा माणूस किती थकलेला चालेल, हे सरकारी आकड्यावरून ठरवायला तो तयार नाही. मला ते पटतं.

कायद्यातली ही तिमाही कोणतेही सलग तीन महिने नव्हे. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला ती सुरू होते. म्हणजे जून हा तिमाहीचा शेवटचा महिना. एखाद्या डायवाल्याचे एप्रिल-मेमध्ये ५८ झाले असतील, तर जूनभरासाठी त्याचे १७ उरतात, मग खात्याकडे १३६ असले तरी. म्हणून चिठ्ठी घेताना दोन शिल्लकी बघायच्या, खात्याची आणि माणसाची, आणि जी कमी ती खरी. ज्या खात्यात खात्याच्या शिल्लकीआधी माणसांची शिल्लक संपते, तिथे तास वाढवून काही होत नाही. सातवा माणूस डाय लावायला शिकवावा लागतो.

जाता जाता तारखांचाही एक घोळ सांगतो. पुष्कळ ठिकाणी पगाराची हजेरी २१ ते २० तारखेची धरतात, म्हणजे पगार वेळेत निघतो. बजेट मात्र १ ते ३०चं. मग जूनच्या पगारपत्रकातले तास मेच्या अकरा दिवसांचे निघतात आणि दोन कागद कधीच जुळत नाहीत. कोणताही एक महिना धरा, पण दोन्हीकडे तोच धरा.

हिशेब कडक झाला की लोक त्याला बगल द्यायला शिकतात, हेही गृहीत धरावं. सगळ्यात साधी युक्ती म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावर तास टाकणं. प्रेस शॉपची माणसं संध्याकाळी ट्रक भरायला थांबतात, तास प्रेस शॉपचे लागतात, डिस्पॅच स्वच्छ राहतं. यावर नियम एकच: ज्याचं काम त्याचे तास, माणूस कुणाचाही असो. दुसरी युक्ती महिन्याअखेरची. शिल्लक ४० उरली की सुपरवायझरला भीती वाटते, पुढच्या महिन्यात हे कापतील. मग अठ्ठावीस-एकोणतीस तारखेला अचानक साफसफाईला माणसं थांबतात. आकडा दर महिन्याला शेड्यूलवरून नव्याने निघत असेल, तर ही भीती आपोआप मरते. तो मागच्या महिन्याच्या खर्चावरून निघत असेल, तर कितीही भाषणं द्या, ती मरत नाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. ओव्हरटाइम मिळतोच हे कळलं की दिवसाची चाल किंचित मंदावते. कुणी ठरवून करतं असं नाही. मोटरसायकलचा हप्ता, पोराच्या क्लासची फी हे सगळं त्या पंचवीस तासांवर बांधलेलं असतं. तपासायचं असेल तर साध्या पाळीतले माणशी तासाला किती नग आणि ओव्हरटाइममध्ये किती, हे शेजारी शेजारी लिहा. थकल्या अंगाने संध्याकाळी नग कमीच निघायला हवेत. ते जास्त निघत असतील, तर दिवसा काहीतरी राखून ठेवलं जातंय. पण हे कळल्यावर माणसावर ओरडण्याआधी, तास कोणाला द्यायचे हे कोण ठरवतं ते बघा. सुपरवायझर आपल्या मर्जीतल्या पाचांनाच थांबवत असेल, तर उरलेल्यांनी दिवसा जोर का लावावा?

आणि शेवटची युक्ती, जिची मला खरी भीती वाटते. खात्याचे तास संपले, माल जायलाच हवा, मग सुपरवायझर सांगतो, "कार्ड पंच करून या, पुढचं मी बघतो." माणसं साडेतीनला कागदोपत्री घरी जातात आणि चारला मशीनवर असतात. पैसे पुढच्या महिन्यात कुठल्यातरी नावाखाली 'ॲडजस्ट' होतात, किंवा होत नाहीत. अशा वेळी बोट गेलं, तर तो माणूस कारखान्यात होता हेच नोंदीत नसतं. हे पकडायला हेर लागत नाहीत. प्रेसवर ठोक्यांचं मीटर असतं. साडेतीनचा आकडा आणि दुसऱ्या सकाळचा आकडा यांत फरक असेल आणि मध्ये कुणाचंच पंच नसेल, तर प्रेस काही भुताने चालवली नाही. कँटीनच्या संध्याकाळच्या चहाची मोजणीही तेच सांगते. मी ज्या कारखान्यात होतो तिथे हा प्रकार उघड केला तो चहावाल्यानेच. त्याचे अकरा कप जास्त निघत होते आणि पैसे कुणाकडे मागायचे हे त्याला कळेना.

आपल्या उदाहरणातला जून ३२८ तासांवर थांबला: खात्याचे ३०० आणि राखीवमधले २८. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सुपरवायझर आणि मॅनेजर पुन्हा बसतील. गैरहजेरी सरळ अकरा टक्के धरली तर खड्डा ५४७ तासांचा दिसतो, आणि तो आकडा बघून मॅनेजर खुर्चीतून उठेल. पण वहीत दुसरीही गोष्ट आहे. जास्तीच्या बुडालेल्या ९६ तासांतले ६२च भरावे लागले होते, बाकीचे खात्याने पचवले. त्या प्रमाणाने जूनभरातल्या जास्तीच्या २४० तासांमागे १५५ येतात, म्हणजे सगळे मिळून साधारण ४६०. त्यातले किती ओव्हरटाइमने आणि किती डिस्पॅचच्या हेल्परांनी, हे ठरवायला अजून आठवडा आहे. तोवर सुपरवायझरने एक कोरा कागद नोटीस बोर्डावर लावला आहे. कोणाला पेरणीला कधी जायचंय, त्याने नावापुढे तारखा लिहायच्या. पहिल्याच दिवशी चौदा नावं आली. त्यातल्या नऊ जणांनी एकच आठवडा मागितला आहे.